पासवर्ड बरोबर असूनही स्टीम आत घेत नाही? आधी थांबा, मग या क्रमाने जा

स्टीमवर चार-पाच वेळा पासवर्ड चुकला की पडद्यावर हा संदेश येतो:

```
There have been too many login failures from your network
in a short time period. Please wait and try again later.
```

हा संदेश आल्यावर जवळपास प्रत्येक जण एकच चूक करतो. आठवतील तेवढे सगळे पासवर्ड तो एकामागून एक टाकून पाहतो आणि त्यातला एकही चालला नाही की "म्हणजे मी पासवर्ड विसरलोय" असं ठरवून टाकतो. पण चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा लागू झाल्यावर सर्व्हर तुमचा पासवर्ड तपासतच नाही. तो विनंती दारातूनच परत पाठवतो. त्या वेळात बरोबर पासवर्ड टाकला तरी नकारच येतो, त्यामुळे त्या नकारावरून काहीही कळत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

हा लेख स्टीमपुरता आहे. इतर गेमिंग खात्यांच्या पडद्यांवरचे शब्द वेगळे असतात, म्हणून ते इथे मिसळत नाही.

## पायरी १: हात थांबवा आणि संदेश नीट वाचा

साइन इन अडकण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिला प्रकार `Please check your password and account name and try again.` या संदेशाचा. इथे सर्व्हरने तुमचं नाव आणि पासवर्ड खरोखर तपासलेत आणि ते जुळलेले नाहीत. अजून मर्यादा लागलेली नाही. या संदेशात पासवर्डच्या जोडीने खात्याचं नावही आहे, पण वाचणाऱ्याचं लक्ष पासवर्डवरच जातं. त्याकडे पायरी २ मध्ये परत येऊ.

दुसरा प्रकार वर दिलेल्या मोठ्या संदेशाचा. त्यातला `from your network` हा भाग महत्त्वाचा आहे. मोजणी तुमच्या खात्यावर नाही, तुम्ही ज्या नेटवर्कवरून येता त्याच्या सार्वजनिक आयपी पत्त्यावर झालेली आहे. काही ठिकाणी पूर्ण वाक्याऐवजी नुसता आकडा दिसतो: `E84` किंवा `E87`. त्याचाही अर्थ 'फार वेळा प्रयत्न झाले' असाच आहे.

तिसरा प्रकार कॅप्चाचा. चित्रं बरोबर निवडली, हिरवी खूण आली, पुढे गेलात आणि पुन्हा तोच कॅप्चा समोर. हे बहुतेक वेळा पासवर्ड परत मिळवण्याच्या पानावर होतं. त्याचा उपाय पायरी ५ मध्ये आहे.

इशारा: मोबाइलमधलं स्टीम अ‍ॅप अजून साइन इन असेल तर त्याला हात लावू नका. "एकदा काढून परत टाकून बघू" म्हणत ते अनइन्स्टॉल केलं, तर साइन इनचे कोड बनवणारा स्टीम गार्डचा ऑथेंटिकेटर त्याच्याबरोबर जातो आणि साधी अडचण खातं परत मिळवण्याच्या लांबलचक कामात बदलते. संगणकावरचं स्टीम चालू स्थितीत असेल तर तिथूनही साइन आउट करू नका. सेटिंग्जमधल्या डाउनलोड्स विभागातला `Clear Cache` दाबा असा सल्ला बरेच जण देतात. तो दाबल्यावर पुन्हा साइन इन करावं लागतं आणि नेमकं तेच तुम्हाला सध्या जमत नाहीये.

## पायरी २: थांबलेल्या वेळात नाव आणि पासवर्ड नक्की करा

संदेश आल्याची वेळ कागदावर लिहा आणि तिथून पूर्ण एक तास त्या नेटवर्कवरून एकही प्रयत्न करू नका. पडद्यावर उलटं मोजणारं घड्याळ दिसत नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी "सुटलं का" हे बघायचा मोह होतो. असा प्रत्येक प्रयत्न मोजणीत भर घालू शकतो. तासाभराने एकच प्रयत्न करायचा. तोही त्याच संदेशाने परत आला तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विषय सोडून द्यायचा.

हा तास वाया जात नाही, कारण खरं काम याच वेळात करायचं आहे.

खात्याचं नाव. स्टीमवर तुमची दोन नावं असतात. मित्रांना दिसतं ते प्रोफाइलचं नाव, जे कधीही बदलता येतं. साइन इन करताना लागतं ते खात्याचं नाव, जे खातं उघडताना एकदा ठरतं आणि नंतर बदलत नाही. पाच वर्षं रोज प्रोफाइलचं नाव बघणारा माणूस साइन इनच्या चौकटीत तेच टाकतो, किंवा ईमेल पत्ता टाकतो. पासवर्ड अगदी बरोबर असला तरी दोन्ही वेळा नकार येतो.

त्याच संगणकावर पूर्वी कधी साइन इन केलं असेल तर खात्याचं नाव तिथेच सापडतं. विंडोजवर विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबा आणि ही ओळ टाका (स्टीम दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर मार्ग त्याप्रमाणे बदला):

```
notepad "C:\Program Files (x86)\Steam\config\loginusers.vdf"
```

उघडलेल्या फाइलमध्ये अशा दोन ओळी दिसतील:

```
"AccountName"    "..."
"PersonaName"    "..."
```

`PersonaName` म्हणजे मित्रांना दिसणारं नाव, ते इथे उपयोगाचं नाही. `AccountName` समोर जे आहे तेच साइन इनच्या चौकटीत टाकायचं. या फाइलमध्ये पासवर्ड नसतो. फाइल वाचा आणि काहीही न बदलता बंद करा. संगणक हाताशी नसेल तर ईमेलमध्ये स्टीमकडून आलेली जुनी पत्रं शोधा. स्टीम गार्डच्या पत्रात खात्याच्या नावाने उल्लेख असतो.

पासवर्ड. तो चौकटीत ठिपक्यांआड असतो, त्यामुळे काय उमटतंय ते कळत नाही. आपल्याकडे याचं एक खास कारण असतं. संगणकावर मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो आणि ठिपक्यांआड देवनागरी अक्षरं उमटत असतात. विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून भाषा इंग्रजी आहे ना ते बघा. मग नोटपॅड उघडून पासवर्ड तिथे टाइप करा आणि डोळ्यांनी वाचा. कॅप्स लॉक, शून्य आणि O, एक आणि l या गोष्टी तिथे दिसतात. फाइल सेव्ह न करता बंद करा.

कुठून तरी कॉपी करून डकवत असाल तर शेवटी एखादी मोकळी जागा चिकटून येते का ते बघा. ब्राउझर आपणहून पासवर्ड भरत असेल तर जास्त सावध राहा. तुम्ही मागे कधी पासवर्ड बदलला असेल आणि ब्राउझरने जुनाच जपून ठेवला असेल, तर तुम्ही कितीही वेळा `Sign in` दाबलं तरी प्रत्येक वेळी तोच जुना पासवर्ड जातो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड उघडा, स्टीमच्या किती नोंदी आहेत ते पाहा आणि जुन्या काढून टाका.

तपासणी: आता तुमच्याकडे कागदावर एकच नाव आणि एकच पासवर्ड हवा. "हा नाहीतर तो" अशी यादी असेल तर पासवर्ड तुम्हाला माहीत नाही असं धरा आणि साइन इनचा नाद सोडून थेट पायरी ६ कडे जा. यादी घेऊन परत बसलात तर परत अडकाल.

## पायरी ३: मर्यादा तुमच्यामुळेच लागली का ते पाहा

कधी कधी माणूस शपथेवर सांगतो की मी दोनदाच चुकलो. ते खरंही असू शकतं. वसतिगृह, गेमिंग कॅफे किंवा ऑफिसमध्ये सगळे जण एकाच सार्वजनिक आयपी पत्त्याआडून बाहेर पडतात. शेजारच्या खोलीतल्या तिघांनी प्रत्येकी चार वेळा पासवर्ड चुकवला तर मर्यादा तुम्हालाही लागते.

घरच्या जोडणीवरही हे होऊ शकतं. अनेक सेवा देणाऱ्या कंपन्या एक सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांमध्ये वाटतात. राउटरच्या पानावर इंटरनेट किंवा वॅन विभागातला पत्ता बघा. तो `100.64.0.0` ते `100.127.255.255` या पट्ट्यात असेल तर तुमचा पत्ता असाच वाटलेला आहे. मग राउटर बंद-चालू करून फारसा उपयोग होत नाही, कारण जगाला दिसणारा पत्ता तुमच्या राउटरवर नसतोच. खात्री करायची असेल तर राउटर बंद करण्याआधी आणि नंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवून बघा:

```
curl https://checkip.amazonaws.com
```

दोन्ही वेळा तोच आकडा आला तर राउटरला उगाच त्रास देऊ नका.

## पायरी ४: एकच प्रयत्न, शक्य असेल तर पासवर्डशिवाय

मोबाइलवर स्टीम अ‍ॅप साइन इन असेल तर तुमचं काम फार सोपं आहे. संगणकावरच्या साइन इन खिडकीत उजवीकडे क्यूआर कोड असतो. अ‍ॅपमध्ये स्टीम गार्डचा भाग उघडा, कोड स्कॅन करा आणि मंजुरी द्या. पासवर्ड टाकायचाच नसतो, त्यामुळे तो चुकण्याचाही प्रश्न येत नाही. मंजुरी देण्यापूर्वी अ‍ॅपमध्ये दिसणारं ठिकाण आणि यंत्र तुमचंच आहे ना, तेवढं वाचा.

क्यूआर वापरता येत नसेल तर तासाभराच्या शांततेनंतर कागदावरचं नाव आणि पासवर्ड एकदाच टाका. पुढे स्टीम गार्डचा पाच अक्षरांचा कोड मागितला जातो. अ‍ॅपमधला कोड दर ३० सेकंदांनी बदलतो. पट्टी संपत आली असेल तर नव्या कोडची वाट बघा, कारण चुकीच्या कोडांचीही मोजणी होते. कोड ईमेलवर येत असेल तर सगळ्यात शेवटच्या पत्रातलाच टाका. घाईत तीनदा कोड मागवून पहिल्या पत्रातला टाकणारे कमी नाहीत.

मुळात कोडाची चौकट आली याचा अर्थ पासवर्ड बरोबर होता. तिथून मागे जाऊन पासवर्ड बदलायला घेऊ नका.

थांबणं शक्य नसेल तर नेटवर्क एकदा बदलता येतं. वायफाय बंद करून मोबाइलचा हॉटस्पॉट संगणकाला जोडा आणि तिथून प्रयत्न करा. पण हे नाव आणि पासवर्ड नक्की झाल्यावरच करायचं. आधी केलंत तर तासाभरात दोन नेटवर्क अडकून बसतात.

इशारा: व्हीपीएन लावू नका. त्याच्या पत्त्यांवरून आधीच शेकडो अनोळखी लोकांचे प्रयत्न झालेले असतात. तिथे मर्यादा लवकर लागते आणि कॅप्चाही जास्त येतात. चालू असेल तर या कामापुरतं बंद करा.

## पायरी ५: कॅप्चाचं चक्र तोडणं

कॅप्चा परत परत येतो तेव्हा चित्रं निवडण्यात चूक झाली असेल असं वाटतं आणि माणूस डोळे ताणून सिग्नलचे खांब मोजत बसतो. चूक बहुतेक वेळा चित्रांत नसते. कॅप्चा सुटला की ब्राउझरला एक छोटी पावती मिळते, आणि ती पावती स्टीमच्या सर्व्हरपर्यंत वेळेत आणि त्याच सत्रातून पोचावी लागते. ती पोचली नाही की पान पुन्हा कॅप्चा मागतं.

या पावतीचं आयुष्य छोटं असतं. सर्रास वापरात असलेल्या रीकॅप्चा आणि एचकॅप्चा या दोन्ही सेवांमध्ये ते साधारण दोन मिनिटांचं आहे. आधी कॅप्चा सोडवून मग ईमेल पत्ता शोधायला गेलात तर परत येईपर्यंत पावती शिळी झालेली असते. म्हणून आधी सगळ्या चौकटी भरा, कॅप्चा सगळ्यात शेवटी सोडवा आणि लगेच पुढचं बटण दाबा. निम्म्याहून जास्त वेळा मी चक्र एवढ्यानेच तुटताना पाहिलंय.

तरीही फिरत राहिलं तर या क्रमाने जा. स्टीमच्या सगळ्या टॅब बंद करा, एकच ठेवा. दोन टॅबमध्ये तेच पान उघडं असेल तर एकीची पावती दुसरीच्या सत्रात चालत नाही. मग ब्राउझरमधून फक्त `steampowered.com` आणि `steamcommunity.com` यांच्या कुकी काढा. सगळा इतिहास पुसायची गरज नाही. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन या पानापुरतं बंद करा, कारण कॅप्चा दुसऱ्या संकेतस्थळावरून येतो आणि ते त्यालाच अडवतं. संगणकाची तारीख आणि वेळ आपोआप जुळणारी आहे का तेही बघा.

इथे बरेच जण इन्कॉग्निटो खिडकी उघडतात. क्रोममध्ये ती बाहेरच्या संकेतस्थळांच्या कुकी मुळातच अडवते, त्यामुळे कॅप्चा तिथे आणखी बिथरू शकतो. त्यापेक्षा क्रोमचा गेस्ट मोड वापरा. त्यात एक्स्टेन्शन नसतात आणि सत्र कोरं मिळतं.

तपासणी: दोष ब्राउझरचा की नेटवर्कचा? तोच ब्राउझर तसाच ठेवून फक्त हॉटस्पॉटवर जा आणि एकदा प्रयत्न करा. सुटलं तर नेटवर्कवर मर्यादा होती, आणि कुकी पुसत बसण्यापेक्षा थांबणं हाच उपाय आहे. नाही सुटलं तर दोष ब्राउझरमध्ये आहे.

इशारा: "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी विंडोज आणि R दाबा, मग कंट्रोल आणि V, मग एंटर" असं सांगणारा कॅप्चा खोटा असतो. पानाने तुमच्या नकळत क्लिपबोर्डवर एक कमांड ठेवलेली असते. ती चालली की पासवर्ड आणि साइन इनची सत्रं चोरणारा प्रोग्राम संगणकात उतरतो. खरा कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. पायरी २ मध्ये मी तीच बटणं दाबायला सांगितली, पण तिथे तुम्ही ओळ वाचून स्वतः टाइप करता आणि ती फक्त एक फाइल उघडते. काय डकवलंय हे न बघता एंटर कधीच दाबू नका.

## पायरी ६: पासवर्ड खरंच आठवत नसेल तर

साइन इन खिडकीतल्या `Help, I can't sign in` वर जा, किंवा पत्ता स्वतः टाइप करा: `help.steampowered.com`. शोधयंत्रात "स्टीम सपोर्ट नंबर" टाकून आलेल्या क्रमांकावर फोन करू नका. स्टीम फोनवरून मदत करतच नाही, त्यामुळे तो क्रमांक ठगाचाच असतो. चॅटमध्ये स्वतःला स्टीमचा कर्मचारी म्हणवणाऱ्यालाही कोड देऊ नका.

पानावर `I forgot my Steam Account name or password` निवडा. इथे मात्र ईमेल पत्ता किंवा फोन क्रमांक टाकून खातं शोधता येतं. ईमेलवर आलेला पडताळणीचा कोड टाकला की नवा पासवर्ड ठेवता येतो. ईमेलही हातातून गेला असेल तर मालकी सिद्ध करावी लागते. पूर्वीच्या खरेदीच्या पावत्या, पैसे दिल्याचा व्यवहार क्रमांक, खोक्यात विकत घेतलेल्या गेमची की, यांपैकी जे सापडेल ते आधी गोळा करा आणि मगच अर्ज भरा.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. पासवर्ड असा बदलल्यावर काही दिवस ट्रेडिंग आणि मार्केट वापरता येत नाही, म्हणून वस्तूंची देवाणघेवाण ठरलेली असेल तर उगाच बदलू नका. शिवाय इतर यंत्रांवर पुन्हा साइन इन करावं लागतं. घरातला दुसरा संगणक किंवा स्टीम डेक जुना पासवर्ड टाकून उघडायला कोणी बसलं की त्याच नेटवर्कवर पुन्हा मर्यादा लागते. घरच्यांना आधी सांगा.

## एक घडलेला प्रसंग

माझा भाचा पुण्यात वसतिगृहात राहतो. एका शनिवारी रात्री त्याचा फोन आला, "मामा, माझं खातं गेलं." नवा लॅपटॉप घेतला होता आणि त्यावर पहिल्यांदाच स्टीम उघडत होता. सात वेळा पासवर्ड टाकून झाला होता, मग मोठा संदेश आला. त्याने व्हीपीएन लावला, तिथेही तेच. मग पासवर्ड बदलायच्या पानावर जाऊन अर्धा तास कॅप्चा सोडवत बसला. माझ्याशी बोलताना तो अगदी रडवेला झाला होता. त्या खात्यात त्याच्या शाळेपासूनच्या गेम होत्या.

मी विचारलं, "नाव कुठलं टाकतोयस?" तो प्रोफाइलचं नाव टाकत होता. मग म्हणाला, "पण मामा, आठव्या वेळी मी जुनं नावही टाकून पाहिलं. तेही चाललं नाही, म्हणून सोडून दिलं." आठवा प्रयत्न मर्यादा लागल्यानंतरचा होता. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी नकार. आणि त्या नकारावर विसंबून त्याने बरोबर उत्तर यादीतून खोडून टाकलं होतं.

जुना संगणक घरी होता. त्याच्या आईने `loginusers.vdf` उघडून `AccountName` फोनवर वाचून दाखवलं, आणि ते त्याने आठव्या वेळी टाकलेलंच नाव निघालं. मी त्याला व्हीपीएन काढायला, सगळ्या टॅब बंद करायला आणि पासवर्ड नोटपॅडमध्ये एकदा लिहून बघायला सांगितलं. फोनवर स्टीम अ‍ॅप साइन इन होतं, हे त्याला सुचलंच नव्हतं. लॅपटॉप हॉटस्पॉटवर घेतला, क्यूआर स्कॅन केला आणि दोन मिनिटांत तो आत होता. पासवर्ड बदलावा लागला नाही. वसतिगृहाचं वायफाय दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप सुटलं.

## पायरी ७: आत गेल्यावर लगेच करायच्या गोष्टी

ईमेल उघडून मागच्या काही दिवसांत तुम्ही न मागितलेलं स्टीम गार्डच्या कोडाचं पत्र आलंय का ते बघा. ते पत्र पासवर्ड बरोबर पडल्यावरच निघतं. म्हणजे असं पत्र असेल तर तुमचा पासवर्ड दुसऱ्या कोणाला माहीत आहे, आणि मग ट्रेडिंग थांबलं तरी चालेल, तो आजच बदला. ईमेलचा पासवर्डही तोच असेल तर आधी ईमेलचा.

ऑथेंटिकेटर वापरत असाल तर अ‍ॅपच्या स्टीम गार्ड विभागातून रिकव्हरी कोड काढून घ्या. तो R अक्षराने सुरू होतो. फोन हरवला तर हाच कोड कामी येतो, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवू नका. कागदावर उतरवा, त्याखाली खात्याचं नाव लिहा आणि कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा.